माडाच्या सावलीतला चेहरा: लिफ्ट, गॅमा आणि गेन वापरून फोनच्या व्हिडिओत त्वचेला ऊब कशी आणावी

कोकणातल्या वाडीत माड-पोफळीच्या सावलीत कुणाला बसवून फोनवर व्हिडिओ घेतला की चेहरा हमखास हिरवट-निळसर येतो. समोर बसून बघताना तसं काही जाणवत नाही, कारण आपले डोळे प्रकाशाच्या रंगाशी पटकन जुळवून घेतात. फोन मात्र जे पडेल ते टिपतो. वाडीच्या सावलीतला बराचसा प्रकाश झावळ्यांवरून आणि पानांवरून उडून आलेला असतो, तो हिरवा. उरलेला उघड्या आकाशाचा, तो निळा. थेट ऊन चेहऱ्यावर नसतंच. त्यात मागे जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत किंवा लाल माती जास्त दिसत असेल, तर फोनच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं की प्रकाशच तांबडा आहे, आणि तो चित्र आणखी थंड करून ठेवतो.

यावर बहुतेक जण ॲपमधली टेम्परेचरची पट्टी नारिंगीकडे सरकवतात. चेहरा उबदार होतो, पण पांढरा पंचा पिवळा पडतो, केस तपकिरी होतात आणि मागचा समुद्र गढूळ दिसायला लागतो. ती पट्टी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळ्यालाच ओढते. आपल्याला ऊब हवी असते ती त्वचेत, आणि त्वचा उजेडाच्या हिशेबात जवळजवळ नेहमी मधल्या पट्ट्यात बसते. म्हणून काम तीन ठिकाणी वाटून द्यायचं: गेनने पांढरं सरळ करायचं, लिफ्टने काळं सरळ करायचं, आणि ऊब गॅमामध्ये भरायची. या लेखात एकच दृश्य घेऊन हे शेवटपर्यंत करून बघू.

मी डाविंची रिझॉल्व्ह या संगणकावरच्या व्हिडिओ-संपादन प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती धरून लिहितोय, कारण तिच्यात लिफ्ट, गॅमा आणि गेनची तिन्ही रंगचक्रं आणि मोजमापाचे आलेख पूर्ण मिळतात. फोनवरच्या काही ॲपमध्ये शॅडोज, मिडटोन्स आणि हायलाइट्स अशी चक्रं असतात. ती दिसायला सारखी असली तरी त्यांचे पट्टे अनेकदा जास्त आखूड असतात. तिथे हीच पद्धत चालेल, आकडे चालणार नाहीत.

दृश्य

वेंगुर्ले तालुक्यातलं एक घर, मे महिन्यातली सकाळची दहाची वेळ. पडवीच्या कडेला एक काकी रातांबे फोडतायत. एका हाताला सालांची पाटी, दुसऱ्या हाताला बियांचा टोप. डोक्यावर माडांची सावली. मागे खळ्यात कडक ऊन आणि त्यात वाळत घातलेली सोलां. काकींचा वर्ण सावळा, केस तेल लावून चापून बांधलेले, खांद्यावर पांढरं सुती फडकं. कडेला भिंतीला टेकवलेली काळी छत्री आहे, तिचा पुढे उपयोग होईल.

या दृश्यात तीन अडचणी एकत्र येतात. चेहरा हिरवट आहे, पार्श्वभूमी उन्हात फटफटीत आहे, आणि रातांब्याचा जांभळट लाल रंग असा आहे की ऊब चढवताना जरा जास्त झालं की तो विटकरी होतो. सिंधुदुर्गातला बघणारा काकींच्या चेहऱ्याआधी सोलांचा रंग पारखेल, हे गृहीत धरा.

घेतानाच जपायच्या दोन गोष्टी

पहिली, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करा. चालू क्लिपमध्ये फोनने मध्येच व्हाइट बॅलन्स बदलला तर एका सेटिंगने ती क्लिप सुधारत नाही, प्रत्येक बदलाच्या जागी नवं काम निघतं. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. व्हाइट बॅलन्सचा आकडा हाताने द्यायचा तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप आयफोन आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मिळतं. झाडाच्या सावलीसाठी 6000 ते 6500 केल्विनच्या आसपास ठेवा आणि क्लिप संपेपर्यंत हात लावू नका.

दुसरी, एचडीआर व्हिडिओ बंद ठेवा. तो चालू असताना घेतलेली क्लिप साध्या टाइमलाइनवर टाकली की फटफटीत किंवा भलत्याच उजेडाची दिसू शकते, आणि मग आपण फोनचा रंग सुधारतोय की रूपांतराची गडबड निस्तरतोय हेच कळत नाही. साध्या रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक फोन 8-बिट देतात, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रत्येकाच्या फक्त 256 पायऱ्या. म्हणून पुढची सगळी हालचाल लहान ठेवायची. ताण दिला की आभाळात आणि गालावर रंगाचे पट्टे उठतात.

शॉट सुरू करताना पहिले दोन सेकंद चेहऱ्याशेजारी काहीतरी पांढरं धरा. इथे आपल्याकडची एक मेख आहे. धुवून नीळ दिलेलं धोतर किंवा पंचा पांढरा नसतो, निळसर असतो. त्याला पांढरं मानून रंग सरळ केले तर चेहरा गरजेपेक्षा पिवळा होतो. नव्या कोऱ्या छपाईच्या कागदाचंही तसंच, त्यात निळी चमक देणारी द्रव्यं असतात. नीळ न दिलेलं, वापरून मऊ झालेलं सुती फडकं यापेक्षा बरं. काकींच्या खांद्यावरचं तसंच आहे.

तीन चक्रं नेमकं काय करतात

थोडं सूत्र बघून घेऊ, कारण ते कळलं की पुढची पावलं पाठ करावी लागत नाहीत. 0 म्हणजे पूर्ण काळं आणि 1 म्हणजे पूर्ण पांढरं धरलं, तर पाठ्यपुस्तकी रूप असं:

```
out = (gain * (in + lift * (1 - in))) ^ (1 / gamma)
```

गेन गुणाकार करतो. काळं म्हणजे शून्य, त्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, म्हणून ते जागचं हलत नाही, पांढरं सर्वांत जास्त हलतं. लिफ्ट उलट बाजूने काम करतो. काळ्यावर त्याचा पूर्ण परिणाम, पांढऱ्याकडे जाताना तो विरत जातो. गॅमा दोन्ही टोकं जागेवर ठेवून मधला भाग वाकवतो. तिन्हींच्या मधे कुठेही भिंत नाही. गेन हलवला की मधले रंगही हलतात, गॅमा हलवला की गडद भागालाही झळ लागते. त्यामुळे एका फेरीत काम संपत नाही, दुसरी फेरी धरूनच चालायचं.

रिझॉल्व्हच्या चक्रांखाली दिसणारे आकडे या सूत्राशी तंतोतंत जुळत नाहीत. तिथे गेन 1.00 वर आणि लिफ्ट 0.00 वर सुरू होतो, पण गॅमाही 0.00 वरच असतो, 1 वर नाही. खाली मी दिलेले आकडे सूत्रातले आहेत. तुम्ही चक्राखालचा आकडा न बघता आलेखावरची जागा बघून थांबायचं.

आणखी एक बटण आधीच लावून ठेवा. त्याच पॅनेलमध्ये `Lum Mix` असतं, ते मुळात 100 वर असतं. तसंच ठेवून तुम्ही चक्राखालचा नुसता लाल आकडा वाढवला, तर एकूण उजेड टिकवण्यासाठी हिरवा आणि निळाही थोडा सरकतो. आलेख वाचून काम करणाऱ्याला याचा फार गोंधळ होतो. ते 0 करा, म्हणजे एक रंग हलवला की एकच हलेल. उजेड बदलायचा तेव्हा चक्राखालची आडवी पट्टी फिरवा, ती तिन्ही रंग एकत्र नेते.

पहिला नोड: पांढरं आणि काळं

नोड म्हणजे चित्रावर चढवलेला सुधारणांचा एक टप्पा, एकापुढे एक असे ते जोडता येतात. `Color` पानावर जा, स्कोप म्हणजे मोजमापाचे आलेख उघडा आणि त्यात `Parade` निवडा. लाल, हिरवा आणि निळा असे तीन आलेख शेजारी-शेजारी दिसतील, खाली 0 आणि वर 1023. चित्रात जी वस्तू जिथे डावी-उजवीकडे आहे तिथेच ती प्रत्येक आलेखात सापडते. रंग नसलेली वस्तू, म्हणजे पांढरं, राखाडी किंवा काळं काहीही, तिन्ही आलेखांत एकाच उंचीवर यायला हवी. चित्रावर माऊस नेऊन एका ठिकाणचे आकडे वाचायचे असतील तर व्ह्यूअरवर उजवी क्लिक करून `Show Picker RGB Value` चालू करता येतं. ते 8-बिटचे आकडे दाखवत असेल तर 255 ला 1023 समजून तुलना करा, प्रमाण तेच.

आपल्या दृश्यात खांद्यावरच्या फडक्याचे आकडे असे धरू: लाल 690, हिरवा 760, निळा 740. हिरवा सर्वांत वर, लाल सर्वांत खाली. वाडीच्या सावलीचा हा अगदी ठरलेला नमुना आहे. आता गेनमध्ये लाल 1.07 आणि हिरवा 0.97 करा, निळ्याला हात लावू नका. 690 चे 738 होतात, 760 चे 737, निळा 740 वरच. फडकं पांढरं झालं.

एवढ्यावरच चेहरा किती बदलला बघा. काकींच्या कपाळावर मुळात लाल 410, हिरवा 400, निळा 365 होते. लाल आणि हिरवा जवळजवळ सारखे, म्हणून त्वचा शेवाळी दिसत होती. गेननंतर ते 439, 388 आणि 365 झाले. अजून ऊब म्हणून आपण काहीच घातलेलं नाही, फक्त सावलीचा हिरवा काढला. थंड चेहऱ्याची निम्म्याहून जास्त तक्रार अशीच मिटते. म्हणूनच आधी गॅमाला हात लावण्याची घाई करू नये.

आता काळं. यासाठी केसांवर विसंबू नका. तेल लावलेल्या केसांत आकाश चमकतं आणि आकडे निळे येतात. छत्रीच्या घडीतला सर्वांत गडद भाग घ्या. तिथे गेननंतर लाल 64, हिरवा 73, निळा 85 आहेत. सावलीत आकाशाचा प्रकाश सगळीकडे शिरतो, त्यामुळे काळं असं निळसर उठतं. लिफ्टमध्ये निळा साधारण 0.02 ने आणि हिरवा 0.01 ने खाली घ्या. तिन्ही 65 च्या आसपास येतील. कपाळाचा हिरवाही यामुळे 382 पर्यंत आणि निळा 352 पर्यंत उतरतो. फडक्यावर परिणाम जेमतेम तीन ते सहा अंकांचा, म्हणजे नजरेत न भरणारा.

काळं 0 पर्यंत दाबू नका. फोन आधीच सावल्या गच्च करून देतो. लिफ्ट अजून खाली नेला की सावळ्या चेहऱ्याची मानेखालची आणि डोळ्यांच्या खोबणीतली छटा एकसारखी काळी होते. 40 ते 65 च्या दरम्यान गडद भाग राहिला तर त्यात रंग शिल्लक राहतो.

याच नोडमध्ये पार्श्वभूमी तपासा. खळ्यातलं ऊन लाल आलेखात आधीच 1000 च्या वर होतं, 1.07 ने गुणल्यावर ते छताला आपटलं. ओळखायची खूण अशी की लाल आलेखाचा वरचा काठ सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो, आणि उन्हातली जमीन पांढरी न राहता गुलाबी-पिवळी होते. गेनची आडवी पट्टी किंचित मागे फिरवून वरचा काठ 1000 च्या खाली आणा, चेहरा त्यामुळे दबेल तो पुढे गॅमाने भरून काढता येईल. रिझॉल्व्हमध्ये एका नोडमध्ये छताबाहेर गेलेली माहिती पुढच्या नोडमध्ये परत खाली आणता येते. मात्र जे फोननेच घेताना जाळलं असेल, ते कुठूनही परत येत नाही.

दुसरा नोड: गॅमातली ऊब

`Alt+S` दाबून पुढचा नोड जोडा. इथे काम डोळ्याने करण्याआधी चेहरा एकटा काढून आलेखावर बघायचा. विंडोज पॅनेलमधलं गोल निवडून चेहऱ्यावर बसवा, कडा मऊ करा आणि `Shift+H` दाबा. चेहऱ्याबाहेरचं सगळं राखाडी होईल. आता स्कोप `Vectorscope` वर न्या आणि त्याच्या सेटिंगमधून `Show Skin Tone Indicator` चालू करा.

या गोल आलेखात मध्यबिंदू म्हणजे रंग नाही, बाहेर जाल तसा रंग तीव्र. लाल आणि पिवळ्याच्या मधून एक रेष जाते, ती त्वचेची. माणूस हर्णैच्या बंदरावरचा उन्हाने रापलेला असो की शहरातला गोरापान, त्वचेला रंग देणारे मेलॅनिन आणि रक्त हे घटक सगळ्यांत तेच असल्यामुळे चेहऱ्याचा ठिपक्यांचा पुंजका या रेषेच्या आसपासच पडतो. फरक पडतो तो उजेडात आणि लांबीत. आपल्याकडचे चेहरे रेषेच्या किंचित पिवळ्या बाजूला बसले तर ते साहजिक आहे, रेषेवर अगदी बोट ठेवून बसवण्याचा अट्टहास नको. पुंजका मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या पाव ते एक तृतीयांश लांबीवर असला की चेहरा निरोगी दिसतो.

पहिल्या नोडनंतर काकींच्या चेहऱ्याचा पुंजका रेषेजवळ आलेला असेल, पण आखूड असेल. दिशा बरोबर, ऊब कमी. आता गॅमामध्ये लाल थोडा वर आणि निळा थोडा खाली घ्या. सूत्राच्या भाषेत लाल 1.04 आणि निळा 0.97. कपाळ लाल 453, हिरवा 382, निळा 340 वर येतं. लाल आणि निळ्यातलं अंतर 87 वरून 113 झालं, म्हणजे पुंजका रेषेवरूनच बाहेर सरकला, भलतीकडे वळला नाही.

लाल वाढवून निळा मात्र तसाच ठेवला तर चेहरा गुलाबी होतो. नुसता निळा कमी केला तर पिवळा होतो. दोन्ही थोडं-थोडं केलं तर उबदार होतो. चक्राचा मधला बिंदू ओढून हेच करायचं असेल तर त्याला लाल आणि पिवळ्याच्या मधल्या दिशेने अगदी किंचित न्या. बिंदू मध्यापासून स्पष्ट दूर गेलेला दिसला तर आधीच्या नोडमध्ये काहीतरी राहून गेलंय असं समजा आणि तिकडे परत जा.

आता `Shift+H` परत दाबून पूर्ण चित्र बघा. आणि इथे लिफ्टकडे पुन्हा वळा. गॅमाची झळ गडद भागाला लागते असं वर म्हटलं, ते आता आकड्यात दिसतं: छत्रीचा काळा भाग आणि केस विंडोच्या आत येत असतील तर लाल 64 वरून 71 वर चढलाय आणि निळा 66 वरून 61 वर उतरलाय. केसांत तांबूस झाक आलीय. दुसऱ्या नोडच्या लिफ्टमध्ये लाल केसभर खाली आणि निळा केसभर वर घ्या, दोन्ही पुन्हा एका उंचीवर येईपर्यंत. फडकं विंडोच्या कडेला येत असेल तर तेही 747, 734, 727 असं किंचित उबदार झालेलं असेल. ते तसंच राहू द्या. उबदार चेहऱ्याशेजारचं फडकं अगदी बर्फासारखं ठेवलं तर चेहरा वरून चिकटवल्यासारखा वाटतो.

चेहऱ्याच्या विंडोला ट्रॅकिंग द्यायला विसरू नका. काकी बोलताना मान वळवतील, पाटीकडे वाकतील, आणि ऊब भिंतीवर राहून जाईल.

रातांब्याचा रंग

गॅमाचा नोड विंडोमध्ये ठेवण्याचं खरं कारण ही पाटी आहे. रातांब्याच्या सालीत हिरव्यापेक्षा निळा जास्त असतो, म्हणून ती नुसती लाल न दिसता जांभळट लाल दिसते. आपण गॅमामध्ये निळा खाली घेतला की नेमकं तेच जातं आणि साल विटकरी होते. सगळ्या चित्राला गॅमाची ऊब दिली तर चेहरा छान आणि सोलां शिळी, असा प्रकार होतो.

पण विंडो फक्त चेहऱ्यावर ठेवली तर हात थंड राहतात, आणि या दृश्यात हात चेहऱ्याइतकेच दिसतात. मी ऊब दोन भागांत वाटतो. गॅमाचा साधारण एक तृतीयांश भाग पहिल्या नोडमध्ये सगळ्या चित्राला, उरलेला दुसऱ्या नोडमध्ये चेहऱ्याला. हातांसाठी दंडापासून मनगटापर्यंत आणखी एक मऊ विंडो घ्यायला हरकत नाही. बोटांना मात्र हात लावू नये, ती रसाने रंगलेलीच असतात आणि तो रंग खरा आहे. क्वालिफायरने त्वचेचा रंग निवडून काम होईल असं वाटतं, पण जांभ्याची भिंत, लाल माती आणि सावळी त्वचा हे तिन्ही व्हेक्टरस्कोपवर इतके शेजारी बसतात की निवड भिंतीवर सांडते आणि 8-बिट चित्रात कडा किरकिऱ्या होतात. कोकणात घेतलेल्या चित्रांत मला विंडोच जास्त भरवशाची वाटते.

भिंतीबद्दल आणखी एक. माणूस चिऱ्याच्या भिंतीला खेटून बसला असेल तर त्या बाजूच्या गालावर लाल प्रकाश आधीच पडलेला असतो. दोन गाल दोन रंगांचे दिसतात. तिथे हिरव्या बाजूच्या गालाला बघून ऊब ठरवली तर भिंतीकडचा गाल भाजल्यासारखा लाल होतो. ऊब नेहमी लाल बाजूच्या गालाला सोसेल एवढीच द्या.

उजेड किती ठेवायचा

चेहऱ्याचा उजेड 70 टक्क्यांपर्यंत आणा, असा सल्ला ठिकठिकाणी ऐकू येतो. तो फार गोऱ्या त्वचेचा आकडा आहे. आपल्या कपाळाचे तिन्ही रंग मिळून उजेड 1023 पैकी साधारण 394 येतो, म्हणजे 40 टक्क्यांच्या किंचित खाली. सावलीत बसलेल्या सावळ्या माणसाला हे योग्यच आहे. गॅमाची आडवी पट्टी फिरवून 420-430 पर्यंत नेलं तर चेहरा खुलतो. त्यापुढे गेलं की दोन गोष्टी होतात: सावलीतल्या भागातला 8-बिटचा गोंगाट वर येऊन गालावर वळवळायला लागतो, आणि त्वचेतला रंग उजेडात विरघळून ती राखेसारखी फिकट दिसते. मग तो फिकटपणा झाकायला सॅच्युरेशन वाढवलं जातं आणि नारिंगी मुखवटा तयार होतो. लग्नाच्या व्हिडिओत हे सर्रास घडतं. आमच्या नात्यातल्या एका आजीने स्वतःचा असा उजळवलेला चेहरा बघून सरळ सांगितलं, "ह्या तोंड माजा न्हय."

जास्त झालंय का हे आलेखाआधी तीन ठिकाणी कळतं. डोळ्यांचा पांढरा भाग बघा, कावीळ झाल्यासारखा पिवळा दिसला तर गॅमाचा निळा फार खाली गेलाय. सोनं बघा. मंगळसूत्राच्या वाट्या किंवा नथ पिवळी न राहता तांब्याची वाटायला लागली तर लाल जास्त झालाय. आणि ओठ बघा. ओठ आणि गाल यांतला रंगाचा फरक पुसट झाला की चेहऱ्याची ऊब गेली आणि एकच लेप उरला. सुधारताना आकडे थोडे-थोडे मागे नेत बसण्यापेक्षा `Key` पॅनेलमधून त्या नोडचं `Key Output` चं `Gain` 1 वरून 0.7 वर आणा. नोडचा सगळा परिणाम त्या प्रमाणात सौम्य होतो. या कामासाठी ही मला सर्वांत हाताशी असलेली सोय वाटते.

दर काही मिनिटांनी `Ctrl+D` ने नोड बंद-चालू करत जा, किंवा नजर पडद्यावरून काढून बाहेर बघा. सतत उबदार चित्र बघत राहिलं की डोळे त्यालाच पांढरं मानतात आणि आपण नकळत आणखी ऊब घालत जातो.

पावसाळ्यातला चेहरा

जूननंतर हेच खळं वेगळं वागतं. ढगांचा प्रकाश सगळीकडून सारखा येतो, पांढरं आणि काळं यांच्यातलं अंतर आखडतं, आणि परेड आलेख मधल्यामध्ये गोळा होतो. ओली झाडं जास्त हिरवी असली तरी त्या पसरलेल्या निळसर प्रकाशात चेहऱ्यावरची मुख्य छटा निळ्याची असते. त्यामुळे गेनमध्ये हिरवा कमी करण्यापेक्षा निळा कमी करावा लागतो, आणि लिफ्टला उन्हाळ्यापेक्षा जास्त काम पडतं, कारण दमट हवेने काळं फिकट झालेलं असतं. मात्र ऊब अर्धीच द्या. मागे ओलं, करडं आभाळ असताना चेहरा मे महिन्यासारखा केला तर बघणाऱ्याला तो खोटा वाटतो.

पुढच्या शॉटवर नेताना आणि बाहेर काढताना

एका शॉटचं सेटिंग दुसऱ्यावर तसंच चिकटवू नका. ढग आला, काकी दोन हात आत सरकल्या, एवढ्यानेही फडक्याचे आकडे बदलतात. दुसऱ्या नोडची नक्कल चालते, पहिला प्रत्येक शॉटला नव्याने लावावा लागतो. पहिल्या शॉटवर व्ह्यूअरमध्ये उजवी क्लिक करून `Grab Still` घ्या, दुसऱ्या शॉटवर ते अर्ध्या पडद्यावर आणा आणि दोन्ही चेहरे शेजारी ठेवून परेडवर कपाळाची उंची जुळवा. आधी तिन्ही रंगांचा क्रम जुळवा, लाल वर, हिरवा मध्ये, निळा खाली, मग त्यांच्यातलं अंतर.

व्हिडिओ बाहेर काढल्यावर तो ज्या फोनवर बघितला जाणार तशाच एखाद्या साध्या फोनवर बघा. आधी त्या फोनचा नाइट लाइट किंवा डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड बंद करा, आयफोन असेल तर ट्रू टोन बंद करा, नाहीतर पडद्याची ऊब आपल्या खात्यात जमा होते. अनेक फोन मुळात रंग भडक दाखवणाऱ्या व्हिव्हिड मोडवर असतात. तिथे चेहरा किंचित जास्त लाल दिसणारच. नॅचरल मोडवर ठीक आणि व्हिव्हिडवर सोसवेल इतपत, असं दिसलं तर पुरे. व्हिव्हिडवर चेहरा तांबडाभडक झाला तर दुसऱ्या नोडचा `Key Output` आणखी थोडा खाली आणा आणि पुन्हा काढा. व्हॉट्सॲपवर पाठवून परत उतरवलेली प्रतही एकदा बघून घ्या. दाबून लहान केलेल्या व्हिडिओत सावलीतल्या गालावरचे पट्टे आधी उघडे पडतात, आणि ते दिसले तर इलाज पुन्हा गॅमाच्या आडव्या पट्टीतच आहे: उजेड थोडा परत घ्यायचा.